बेळगावातील घर, पुण्यातील मालकीण आणि मोबाइलवरची सही : ऑनलाइन भाडेकराराचा नेमका क्रम

मागच्या मे महिन्यात टिळकवाडीतील एका घराचा भाडेकरार करून देण्याचे काम माझ्याकडे आले. घराच्या मालकीण काकू आता पुण्याला मुलाकडे राहतात आणि भाडेकरू होता चंदगड तालुक्यातील एक तरुण, जो उद्यमबागेतील एका कारखान्यात नुकताच रुजू झाला होता. भाडे दरमहा 9,000 रुपये, डिपॉझिट 60,000 रुपये आणि मुदत 1 जूनपासून 11 महिने ठरली होती. केवळ दोन सह्यांसाठी काकूंनी पुण्याहून बेळगावला यावे असे कोणालाच वाटत नव्हते, म्हणून करार ऑनलाइन करायचे ठरले. सीमाभागात अशी घरे गल्लोगल्ली आहेत. मालक पुण्या-मुंबईत, भाडेकरू चंदगड, गडहिंग्लज किंवा खानापूरकडचा आणि घर मात्र कर्नाटकात. म्हणून या एकाच कराराच्या आधारे सगळा क्रम सविस्तर सांगतो.

काकूंच्या मुलाने पुण्याहून एक मसुदा पाठवला होता. त्यावर ‘लिव्ह अँड लायसन्स’ असे शीर्षक होते आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचा उल्लेख होता. पुण्यातील घरासाठी तो मसुदा बरोबर ठरला असता, कारण तेथे असा करार लेखी करून त्याची नोंदणी करणे 1999 च्या त्या कायद्याने बंधनकारक केलेले आहे. बेळगावातील घराला मात्र तो कायदा लागू होत नाही आणि महाराष्ट्र शासनाकडे भरलेले मुद्रांक शुल्क येथे उपयोगी पडत नाही. घर बेळगावात आहे, भाडेकरू बेळगावात सही करणार आहे आणि उद्या वाद झालाच तर ताब्याचा दावा बेळगावच्याच न्यायालयात चालणार आहे. त्यामुळे करारावर कर्नाटक मुद्रांक कायदा, 1957 प्रमाणे कर्नाटकाचाच मुद्रांक हवा. पुण्याचा मसुदा जसाच्या तसा वापरण्याची चूक आमच्या भागात फार होते आणि ती बहुधा वाद उभा राहिल्यावरच लक्षात येते.

आता मोबाइलवर केलेली सही कायद्याने चालते का, हा प्रश्न पाहू. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 5 ने इलेक्ट्रॉनिक सहीला हाताच्या सहीसारखी मान्यता दिली आहे आणि कलम 10अ असे सांगते की केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून एखादा करार निरर्थक ठरत नाही. याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत काही दस्त वगळलेले आहेत. मृत्युपत्र आणि न्यासपत्र त्यात आजही आहेत, म्हणून त्यांवर अशी सही चालत नाही. स्थावर मालमत्तेच्या विक्रीचे व हस्तांतरणाचे करारही पूर्वी त्या यादीत होते आणि घरभाड्याचा करार त्यांत मोडतो की काय, अशी शंका काही वकील घेत असत. 2022 मध्ये ती नोंदच यादीतून काढून टाकण्यात आली, त्यामुळे त्या शंकेला आता आधार राहिलेला नाही.

यापेक्षा मुदतीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 107 प्रमाणे एक वर्षापेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत दस्तानेच करावा लागतो आणि नोंदणी कायदा, 1908 चे कलम 17 हीच गोष्ट सांगते. एक वर्षापर्यंतचा भाडेपट्टा मात्र ताबा दिला असेल तर तोंडी ठरावानेही होऊ शकतो. जे तोंडीही चालते ते इलेक्ट्रॉनिक सहीने लेखी केले तर अधिकच भक्कम होते, आणि 11 महिन्यांच्या प्रथेचे मूळ याच तरतुदीत आहे. म्हणून तीन वर्षांच्या करारावर मोबाइलने सही करून निश्चिंत राहू नये. तो दस्त उपनिबंधक कार्यालयात नोंदवावाच लागतो आणि नोटरीचा शिक्का हा त्या नोंदणीला पर्याय नाही. ‘11 महिने, व त्यानंतर भाडेकरूच्या इच्छेनुसार आणखी तीन वर्षे’ असे वाक्य मसुद्यात असेल तर तेही काढावे, कारण त्या वाक्यामुळे मुदत एक वर्षाच्या पुढे जाते असा युक्तिवाद करता येतो.

मुद्रांकाबद्दल थोडे मागे जाऊन सांगतो. आमच्याकडे अजूनही लोक ‘बाँड पेपर आणा’ असेच म्हणतात, पण जुना छापील बाँड पेपर कर्नाटकातून केव्हाच हद्दपार झाला. ज्या बनावट मुद्रांक घोटाळ्यामुळे ही वेळ आली त्याचा सूत्रधार अब्दुल करीम तेलगी हा आमच्याच जिल्ह्यातील खानापूरचा. आज त्या जागी स्टॉक होल्डिंग कॉर्पोरेशनच्या यंत्रणेतून निघणारे ई-स्टॅम्प प्रमाणपत्र आले आहे. ते अनेक सौहार्द सहकारी संस्थांच्या काउंटरवर मिळते आणि भाडेकरार करून देणारी काही संकेतस्थळेही ते घेऊन देतात. कसेही घेतले तरी अर्जातील माहिती आपणच तपासून द्यावी लागते, कारण एकदा निघालेल्या प्रमाणपत्रावरील नाव किंवा तारीख पेनाने दुरुस्त करता येत नाही.

येथे पहिली अडचण किती रुपयांचा मुद्रांक घ्यावा ही असते. ‘सगळे शंभराचाच घेतात’ हे उत्तर मी रोज ऐकतो आणि त्याला कायद्यात आधार नाही. भाडेपट्ट्याचे शुल्क कर्नाटक मुद्रांक कायद्याच्या अनुसूचीतील अनुच्छेद 30 प्रमाणे ठरते, आणि ते ठरवताना वर्षाच्या सरासरी भाड्याबरोबर डिपॉझिटची रक्कमही धरली जाते. काकूंच्या घराचे वार्षिक भाडे 9,000 गुणिले 12 म्हणजे 1,08,000 रुपये होते. त्यात डिपॉझिटचे 60,000 मिळवले की 1,68,000 रुपये हा हिशेबाचा पाया झाला. शासन दर वेळोवेळी बदलत असते, म्हणून हे आकडे कर्नाटक नोंदणी व मुद्रांक विभागाच्या kaveri.karnataka.gov.in या संकेतस्थळावरील शुल्क मोजणीत भरून त्या दिवशीची रक्कम पाहावी आणि तेवढाच मुद्रांक घ्यावा. डिपॉझिट लपवून मुद्रांक वाचवणाऱ्याची बाजू पुढे त्याच डिपॉझिटच्या वादात लंगडी पडते, कारण जी रक्कम करारात लिहिलीच नाही ती दिली होती हे सिद्ध करणे भाडेकरूला फार अवघड जाते.

कमी मुद्रांकाचा करार बेकायदेशीर होत नाही, पण न्यायालय तो पुरावा म्हणून स्वीकारत नाही. दस्त जप्त होतो, आणि कलम 34 प्रमाणे राहिलेले शुल्क व त्याच्या दहापट दंड भरल्यानंतरच तो वाचला जातो. शे-दोनशे रुपये वाचवायला गेलेल्या माणसाला नेमक्या गरजेच्या वेळी दोन-तीन हजार मोजावे लागतात, ते असे.

प्रमाणपत्र हाती आले की मी ते ओळीने वाचतो. ‘Certificate No.’ या ओळीतील क्रमांक IN-KA या अक्षरांनी सुरू झाला पाहिजे. महाराष्ट्रातल्या किंवा इतर राज्याच्या प्रमाणपत्रावर KA नसते. ‘Description of Document’ पुढे अनुच्छेद 30, म्हणजे स्थावर मालमत्तेचा भाडेपट्टा, असे असावे. घाईत काउंटरवरचा माणूस अनुच्छेद 5 मधील सर्वसाधारण करार निवडतो आणि रक्कम पुरेशी असली तरी प्रश्न विचारायला जागा राहते. ‘First Party’ आणि ‘Second Party’ पुढील नावे आधार कार्डावरील इंग्रजी स्पेलिंगशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहावीत. ही सूचना सीमाभागात विशेष लागू आहे, कारण येथील आधार कार्डांवर मराठी नावे कन्नड वळणाने लिहिलेली सर्रास आढळतात. मारुतीचे Maruthi होते, सविताचे Savitha होते. सहीच्या प्रमाणपत्रात आधारमधील स्पेलिंग येणार, मुद्रांकावर मराठी वळणाचे असणार, आणि मग ती दोन माणसे एकच आहेत हे सांगण्याची वेळ येते. काकूंच्या बाबतीत आम्ही आधारवरील स्पेलिंगच सगळीकडे वापरले.

प्रमाणपत्र खरे आहे की नाही हे तपासण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची आहे, असे त्या कागदाच्या तळाशीच छापलेले असते. shcilestamp.com या संकेतस्थळावर राज्य, प्रमाणपत्राचा क्रमांक, दस्ताचा प्रकार आणि जारी झाल्याची तारीख भरली की मूळ नोंद दिसते. तेथे दिसणारी नावे, रक्कम आणि तारीख आपल्या हातातील प्रतीशी जुळली पाहिजे. दलालाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या प्रतीत दुसऱ्याच माणसाच्या प्रमाणपत्रावर नावे बदललेली असतील तर ते या एका तपासणीत उघडे पडते, कारण छापील चित्र बदलता येते, मूळ नोंद बदलता येत नाही.

प्रमाणपत्र काउंटरवरून कागदावर घेतले असेल तर स्कॅन करून झाल्यावर तो कागद टाकून देऊ नये. हरवलेल्या ई-स्टॅम्पची दुसरी प्रत मिळत नाही. तो कागद जपून ठेवावा आणि कराराच्या पहिल्याच परिच्छेदात ‘हा करार अमुक क्रमांकाच्या, अमुक तारखेच्या ई-स्टॅम्प प्रमाणपत्रावर केला आहे’ असे वाक्य घालावे. त्या वाक्यामुळे मुद्रांक आणि मजकूर एकमेकांना बांधले जातात.

आता तारखांचा क्रम. मुद्रांक सहीच्या आधी किंवा सहीच्या वेळी लागलेला असावा, असे कर्नाटक मुद्रांक कायद्याचे कलम 17 सांगते. हाताच्या सहीत लोक तारीख मागेपुढे लिहून वेळ मारून नेतात. तसे करणे तेथेही चूकच आहे, पण इलेक्ट्रॉनिक सहीत ते शक्यच नसते, कारण सहीचा दिवस आणि वेळ फाईलमध्ये आपोआप नोंदली जाते. मुद्रांक 3 जूनचा आणि सही 29 मेची असेल तर सही झाली तेव्हा दस्तावर मुद्रांक नव्हता, हे ती फाईल स्वतःच सांगेल. आम्ही 27 मे रोजी ई-स्टॅम्प घेतला, त्याच दिवशी मुद्रांकाचे पान आणि कराराचा मजकूर यांची एकच PDF केली, आणि 29 मे रोजी दोघांच्या सह्या घेतल्या.

एकच PDF आधी करायची, सह्या नंतर घ्यायच्या, हा क्रम मी एका चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका करारावर दोघांच्या सह्या घेतल्यानंतर मी मुद्रांकाचे पान त्या फाईलच्या सुरुवातीला जोडले. डोळ्यांना सगळे ठीक दिसत होते. सह्यांचे चौकोन जागच्या जागी होते, नावे होती, वेळही होती. पण संगणकावर तपासणी केली तेव्हा सह्यांचा पत्ताच लागला नाही, राहिली होती ती केवळ चौकोनांची चित्रे. दोन्ही सह्या पुन्हा घ्याव्या लागल्या, आणि भाडेकरू तोपर्यंत गोव्याला गेला होता.

असे का होते हे समजून घेतले की पुढची सगळी काळजी आपोआप घेतली जाते. आधारवर आधारित ई-साइन करताना संकेतस्थळ आपल्या PDF मधील मजकुरावरून एक लांबलचक आकडा काढते, ज्याला हॅश म्हणतात. मजकुरातील एक स्वल्पविराम बदलला तरी हा आकडा पूर्ण बदलतो. आपण आधार क्रमांक देतो, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, आणि ओळख पटली की सरकारमान्य प्रमाणन संस्था आपल्या नावाचे एक प्रमाणपत्र तयार करून त्या आकड्यावर सही करते. हे प्रमाणपत्र फक्त 30 मिनिटांपुरते असते आणि सही करणारी गुप्त किल्ली लगेच नष्ट केली जाते. म्हणजे आपली सही त्या विशिष्ट फाईलमधील विशिष्ट मजकुरावर झालेली असते. पानावर दिसणारा नावाचा चौकोन ही केवळ तिची पाटी आहे. म्हणूनच कोऱ्या कागदावर सही करून तिचा फोटो काढायचा आणि तो करारात चिकटवायचा, याला या अर्थाने इलेक्ट्रॉनिक सही म्हणता येत नाही. दोन्ही पक्ष मान्य करतात तोवर असा करार चालून जाईल, पण एकाने ‘ही सही मी केलीच नाही’ म्हटले की सिद्ध करण्याचा सगळा भार दुसऱ्यावर येतो.

काकूंच्या मोबाइलवर ओटीपी येणारच नव्हता. त्यांच्या आधारला दिवंगत काकांचा जुना नंबर जोडलेला होता आणि ते सिम बंद होऊन दोन वर्षे झाली होती. सुदैवाने हे मी आठ दिवस आधी विचारून घेतले होते, त्यामुळे आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलून घ्यायला वेळ मिळाला. वयस्कर मालकांच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. दुसरे असे की, ओटीपी दलालाला किंवा भाडेकरूला फोनवर सांगू नये. तो सहा अंकी आकडा म्हणजे आपली सही आहे, आणि करार न वाचता तो सांगणे म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा उमटवून देण्यासारखे आहे. काकूंना मी आधी संपूर्ण मजकूर मराठीत वाचून दाखवला, मग मुलासमोर त्यांनी स्वतः आकडा भरला.

भाषेबद्दल एक गोष्ट येथेच सांगतो. 11 महिन्यांचा करार मराठीत लिहिण्यास कोणतीही आडकाठी नाही आणि दोन्ही पक्षांना मराठीच नीट समजत असेल तर तो मराठीतच असावा असे माझे मत आहे. मात्र नोंदणी करायची असेल आणि दस्ताची भाषा नोंदणी अधिकाऱ्याला समजत नसेल व त्या जिल्ह्यात सर्वसाधारण वापरात नसेल, तर नोंदणी कायद्याच्या कलम 19 प्रमाणे खरे भाषांतर जोडावे लागते. न्यायालयात हजर करतानाही भाषांतर मागितले जाईल. म्हणून मी मराठी मजकुराखाली इंग्रजी मजकूर देतो आणि दोहोंत फरक आढळल्यास कोणता ग्राह्य धरायचा हे स्पष्ट लिहितो.

सह्या झाल्यावर फाईल संगणकावर Adobe Acrobat Reader मध्ये उघडावी. मोबाइलवरील किंवा ब्राउझरमधील साधे दर्शक सहीची तपासणी करतीलच असे नाही, ते बहुतेक वेळा फक्त चौकोन दाखवतात. सहीवर क्लिक केले की तिची स्थिती दिसते. तेथे पिवळे प्रश्नचिन्ह आणि ‘Signature validity is UNKNOWN’ असे आले तर लोक घाबरतात, पण त्याचा अर्थ सही खोटी आहे असा नाही. त्या संगणकाला भारताच्या प्रमाणन यंत्रणेची अजून ओळख करून दिलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. सहीच्या तपशिलात प्रमाणपत्रांची साखळी पाहावी, तिच्या मुळाशी CCA India हे नाव आहे याची खात्री करावी, ते मूळ प्रमाणपत्र विश्वसनीय यादीत घालावे आणि ‘Validate Signature’ करावे. खरी काळजी वाटावी असा संदेश वेगळा आहे. सही झाल्यानंतर दस्त बदलला गेला आहे, असे लाल खुणेसह सांगणारा संदेश आला तर ती प्रत वापरू नये आणि मूळ फाईल शोधावी.

आणि मूळ फाईल म्हणजे काय, हेच बहुतेकांना सांगावे लागते. अशा करारात छापील कागद ही नक्कल असते. प्रिंट काढून ती पुन्हा स्कॅन केली तर सही उरत नाही. ‘Print to PDF’ केले, फाईल लहान करणाऱ्या संकेतस्थळावर टाकली, किंवा पाने वेगळी केली तरीही सही उरत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, तेव्हा ती जशीच्या तशी पोहोचते. सही झालेली फाईल संकेतस्थळावरून लगेच उतरवून घ्यावी आणि तिला पुन्हा हात लावू नये. काकूंच्या कराराची फाईल मुलाच्या संगणकावर, काकूंच्या ई-मेलमध्ये आणि एका पेन ड्राइव्हवर अशी तीन ठिकाणी ठेवली, आणि भाडेकरूलाही तीच फाईल ई-मेलने दिली, जेणेकरून पाठवल्याची तारीख दोन्हीकडे राहील. डिजिलॉकरमध्येही ती ठेवता येते, पण आपण स्वतः चढवलेली फाईल तेथे ‘जारी केलेला दस्त’ ठरत नाही, ती फक्त सुरक्षित राहते. करारासोबत ओळखपत्र जोडायचे असेल तर आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत जोडावी.

त्याच दिवशी आणखी एक काम करून ठेवतो. विंडोज संगणकावर फाईलचा हॅश काढून घेतो :

```
certutil -hashfile bhadekarar.pdf SHA256
```

यातून निघणारा 64 अक्षरांचा आकडा दोन्ही पक्षांना ई-मेलने कळवतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक दस्त न्यायालयात सादर करताना एक प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचा एक भाग सादर करणारा पक्ष भरतो, दुसरा तज्ज्ञ भरतो, आणि त्यात फाईलचा हॅशही लिहावा लागतो. कराराच्या दिवशी कळवलेला आकडा आणि न्यायालयात दिलेला आकडा एकच निघाला, तर मधल्या काळात फाईल बदललेली नाही हे दाखवायला दुसरे काही लागत नाही.

फाईल किती दिवस ठेवायची, असे काकूंच्या मुलाने शेवटी विचारले. थकलेल्या भाड्यासाठी दावा करण्याची मुदत ते भाडे देय झाल्यापासून तीन वर्षे असते आणि भाडेकरूकडून ताबा परत मिळवण्यासाठी ती भाडेपट्टा संपल्यापासून बारा वर्षे असते. घर रिकामे झाले, चाव्या परत आल्या आणि डिपॉझिट परत दिल्याची पावती त्याच फोल्डरमध्ये आली, की त्यानंतर तीन वर्षे फाईल आणि ई-स्टॅम्पचा मूळ कागद ठेवावा, आणि ताबा परत मिळाला नसेल तर तो मिळेपर्यंत काहीही पुसू नये.